१५ मिनिटं, ३८ स्लाइड आणि वहीत लिहून घेणारे सर: एम.टेक. डिफेन्सची मांडणी कशी करू?

सोयाबीनवाली (धागाकर्ती)

मंडळी, पुढच्या गुरुवारी माझा एम.टेक.चा डिफेन्स आहे, म्हणजे हातात अकरा दिवस. नोकरी सांभाळून करतेय, त्यामुळे रात्रीचे दीड-दोन तास मिळतात, तेवढेच.

विषय असा: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात खरिपात सोयाबीन नेमकं कुठल्या शेतांत आहे, ते उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखायचं. सेंटिनेल-२ ची नेहमीची चित्रं आणि जोडीला सेंटिनेल-१ ची रडारची, कारण जुलै-ऑगस्टात ढगांमुळे नेहमीच्या चित्रांत काही दिसतच नाही. मी स्वतः स्कूटीवर फिरून २४० शेतांची नोंद केली. वर्ग चार: सोयाबीन, तूर, मूग-उडीद, ऊस. ओळखायला रँडम फॉरेस्ट हे मॉडेल वापरलं आणि अचूकता ९३ टक्के आली.

बोलायला १५ मिनिटं, प्रश्नांना १०. आत्ता माझ्याकडे ३८ स्लाइड आहेत. प्रस्तावना ६, आधीचं संशोधन ९, अभ्यासक्षेत्र ४, पद्धत ९, निकाल ७ आणि समारोप-संदर्भ-आभार मिळून ३.

पण खरी धास्ती वेगळीच आहे. प्री-सबमिशन सेमिनारला कमिटीतल्या एका सरांनी विचारलं, "ट्रेनिंगचे आणि टेस्टचे पिक्सेल एकाच शेतातले आहेत का?" मी हो म्हटलं. ते नुसते "हं" म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. घरी येऊन शेतवार विभागणी करून पाहिली, म्हणजे अख्खं शेत एकतर ट्रेनिंगला नाहीतर टेस्टला, तर अचूकता ८१ वर आली. थिसिसमध्ये दोन्ही आकडे आहेत, पण ८१ चा परिशिष्टात आहे. गाइड म्हणतात, ९३ वरच बोल, विचारलं तर बघू.

तर प्रश्न असा की या १५ मिनिटांत काय ठेवू, काय काढू आणि तो ८१ कुठे ठेवू?

---

घाटावरचा

आठवड्याला दोन प्रेझेंटेशनं देतो, म्हणून सांगतो. ३८ स्लाइड म्हणजे वेडेपणा. दहा ठेव, एकीला दीड मिनिट. पहिल्याच स्लाइडवर निकाल टाक, लोकांना शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नकोस. ९३ टक्के मोठ्या अक्षरात. मर्यादा वगैरे शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात, त्याही विचारल्या तरच. आपणहून आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?

---

प्रसादची आई

अगं, घाबरू नकोस. आमचा प्रसादही असाच घाबरला होता मुलाखतीच्या आधी. रात्री नीट झोप, सकाळी दही-साखर खाऊन निघ. साडी नेसणार असशील तर आदल्या दिवशी एकदा नेसून बस, ऐनवेळी पदर सावरण्यात लक्ष जातं.

---

सोयाबीनवाली

काकू, दही-साखर नक्की. साडीचं मात्र डोक्यातच नव्हतं, ते बरं सांगितलंत.

घाटावरचा, म्हणजे ९३ पुढे आणि ८१ मागे, असंच ना? गाइडही तेच म्हणतायत. पण त्या सरांनी वहीत लिहिलंय हो.

---

जुना खडू

मी बरीच वर्षं एक्स्टर्नल म्हणून ठिकठिकाणी गेलो, आता निवृत्त आहे. समोर बसलेला माणूस काय करतो तेवढं सांगतो.

थिसिस त्याच्याकडे आधी आलेला असतो. तो सगळा वाचत नाही. अनुक्रमणिका बघतो, निकालांची कोष्टकं बघतो, शेवटचं प्रकरण वाचतो, आणि एखादी गोष्ट खटकली की परिशिष्टात जाऊन बसतो. तुझे ते सर तर आधीच खटकून घेऊन आलेत. त्यांना परिशिष्टातला ८१ सापडला नसेल असं धरून चालू नकोस. तू ९३ मोठ्या अक्षरात दाखवलास की ते पुढचं काहीच ऐकणार नाहीत, फक्त वाट बघतील. प्रश्न सुरू होताच पहिला तोच येईल, आणि तेव्हा ८१ ही तुझी तपासणी राहणार नाही, त्यांनी पकडलेली लबाडी होईल. आकडा तोच, पण कुणी आधी उच्चारला यावर सगळं फिरतं.

घाटावरच्यांचं अर्धं बरोबर आहे. निकाल आधी सांगावा, स्लाइड कमी कराव्यात, दोन्ही मान्य. पण त्यांच्यासमोर गिऱ्हाईक बसतं. तुझ्यासमोर परीक्षक बसणार आहेत, आणि त्यांना विकत काहीच घ्यायचं नाहीये.

हिशोब साधा आहे. १५ मिनिटांत ३८ स्लाइड म्हणजे एकीला २४ सेकंदही येत नाहीत. स्लाइड काढत बसण्याआधी एक काम कर. लॅपटॉप मिटून कागदावर दोन वाक्यं लिही: "या कामातून मी अमुक दाखवलं" आणि "ते मला अमुक पुराव्यावरून म्हणता येतं". मग प्रत्येक स्लाइड हातात घेऊन विचार, की ही नसेल तर त्या दोन वाक्यांतलं काय पडतं? काहीच पडत नसेल तर ती स्लाइड मागे टाक. पुसू नकोस, मागे टाक, ते नंतर कामाला येतं. आधीच्या संशोधनाच्या नऊही स्लाइड मागे जातील असा माझा अंदाज आहे.

ती दोन वाक्यं इथे लिही, मग पुढचं बोलू.

---

निळी शाई

माझा विषय अगदीच वेगळा (एम.ए. इतिहास, मोडी कागदपत्रं), तरी अनुभव सांगते. मलाही १५ मिनिटंच होती. तिसऱ्या मिनिटाला, मी अजून दप्तरांची ओळख करून देत होते, तेवढ्यात एका मॅडमनी विचारलं की हीच दप्तरं का निवडली. मी उत्तर दिलं, त्यावर दुसऱ्यांनी उपप्रश्न काढला आणि आठ मिनिटं तिथेच गेली. मग अध्यक्ष म्हणाले, "आता आटपा." ज्या तीन पत्रांवर माझा सगळा डोलारा उभा होता, ती दाखवताच आली नाहीत. पास झाले, पण ती रुखरुख अजून आहे.

म्हणून विचारते, मध्येच अडवलं तर काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे आहे का? १५ मिनिटं म्हणजे १५ मिनिटं मिळतात, हेच मुळात गृहीत कसं धरायचं?

---

सोयाबीनवाली

खडू सर, दोन वाक्यं लिहिता लिहिता रात्रीचे दीड वाजले. ही बघा:

"सेंटिनेलच्या चित्रांवरून तालुक्यातली सोयाबीनची शेतं ओळखता येतात, आणि रडार जोडल्यावर ओळख सुधारते. हे मला ७२ टेस्ट शेतांवरून म्हणता येतं: नुसत्या सेंटिनेल-२ ने ५८ बरोबर, रडार जोडल्यावर ६२ बरोबर."

लिहिल्यावर माझ्याच लक्षात आलं की यात ९३ कुठेच आला नाही.

---

अर्धा टक्का

लिहिल्यावर लक्षात आलं ना? आता त्याच वाक्याला मी जरा टोचतो, कारण तुझ्या कमिटीत माझ्यासारखा एक तरी असेल.

आधी ९३ चं. तुझं सरासरी शेत दीड एकराच्या आसपास असावं. दीड एकर म्हणजे साधारण ६,००० चौरस मीटर, १० मीटरच्या पिक्सेलने मोजलं तर साठेक पिक्सेल. बांधाकडेचे सोडलेस तर पंचवीस-तीस उरतात. २४० शेतांचे झाले सहा हजार पिक्सेल, आणि ते पत्त्यांसारखे पिसून ७०:३० वाटलेस. म्हणजे बहुतेक प्रत्येक शेताचे काही पिक्सेल शिकवायला गेले आणि काही तपासायला. एकाच शेतात पेरणीची तारीख एक, वाण एक, जमीन एक. मॉडेलने सोयाबीन ओळखलं नाही, ते शेत ओळखलं. ९३ हे "पाहिलेल्या शेताचा न पाहिलेला कोपरा ओळखता येतो का" याचं उत्तर आहे. तुझा प्रश्न न पाहिलेल्या शेताबद्दल होता.

आता ८१ चं. ७२ पैकी ५८ म्हणजे ८०.६ टक्के. पण ७२ शेतं ही लहान मूठ आहे. खरा आकडा साधारण ७१ ते ९० च्या मध्ये कुठेही असू शकतो. आणि रडारचा फायदा म्हणतेस तो ५८ वरून ६२, म्हणजे चार शेतांचा. चार शेतांवर "सुधारते" असं ठाम वाक्य उभं राहत नाही.

आणखी एक. २४० पैकी सोयाबीन किती? १४४ च्या आसपास असेल तर डोळे मिटून सगळ्यांना सोयाबीन म्हटलं तरी ६० टक्के मिळतात. तो ६० चा आकडा ८१ शेजारी दिसला पाहिजे, नाहीतर ८१ चांगला की वाईट हेच समजत नाही.

---

सोयाबीनवाली

अगदी १४४ च आहेत! तुम्ही माझी फाइल उघडून बसलात की काय?

मग आता काय? थिसिस जमा झालाय. रडारचा दावा सोडून देऊ? त्यावर एक अख्खं प्रकरण आहे.

---

अर्धा टक्का

सोडू नकोस, नीट मोज. टेस्टला ७२ च शेतं का? पाच भाग कर, प्रत्येक भाग एकदा टेस्टला, शेत फोडायचं नाही. सगळ्या २४० शेतांवर उत्तर मिळेल. एका रात्रीचं काम आहे.

```python
from sklearn.model_selection import GroupKFold, cross_val_predict
pred = cross_val_predict(rf, X, y, groups=shet_id,
                         cv=GroupKFold(n_splits=5))
```

मग शेतागणिक पिक्सेलचं बहुमत घे. दोन्ही मॉडेलसाठी कर आणि नुसती बेरीज सांगू नकोस. रडारने किती चुकलेली शेतं सुधारली आणि किती बरोबर असलेली बिघडवली, हे वेगवेगळं मोज.

---

घाटावरचा

थांबा. जमा केलेल्या थिसिसमध्ये नसलेला आकडा डिफेन्सला दाखवायचा? आमच्या ओळखीत एकाने असंच केलं, तर "हे थिसिसमध्ये कुठल्या पानावर आहे?" म्हणून अर्धा तास सोललं त्याला. आकडेतज्ज्ञांनी पोरीला आगीत ढकलू नये.

---

जुना खडू

घाटावरचा, या वेळी तुमच्याशी पाऊण सहमत. मुख्य स्लाइडवर थिसिसमधलेच आकडे असावेत: ९३, ८१ आणि ६२ शेतांचा. नवीन मोजणी मागच्या राखीव स्लाइडवर, आणि तिच्या माथ्यावर स्पष्ट लिहायचं, "थिसिस जमा केल्यानंतरची तपासणी". त्याआधी गाइडना दाखवायची, हे महत्त्वाचं. गाइडना कमिटीसमोर पहिल्यांदा कळलं तर तुझा एकुलता एक वकील गेला.

काही विभागांत तेही चालत नाही, हे खरं. म्हणून गाइडना विचार.

आता निळी शाईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण मांडणी त्यावरच ठरते. अडवणार, हे धरूनच बांधायचं. माझ्या अनुभवात अडवणूक बहुतेक पहिल्या चार-पाच मिनिटांत होते. एक म्हणजे परीक्षक तेव्हा ताजे असतात, आणि दुसरं म्हणजे विद्यार्थी तेव्हा सगळ्यांना माहीत असलेलं सांगत असतो. भारतात शेती किती टक्के, रिमोट सेन्सिंग म्हणजे काय, असल्या गोष्टी. कंटाळलेला परीक्षक प्रश्न काढतो. म्हणून सुरुवात जितकी नेमकी, तितकी अडवणूक कमी.

माझ्या हातात असतं तर मी वेळ अशी वाटली असती. पहिलं मिनिट प्रश्न आणि उत्तर, दोन्ही. "हे शेत मी पाहिलेलं नाही, तिथे सोयाबीन आहे का हे सांगता येतं का? ७२ पैकी ५८ शेतांत सांगता आलं, रडारसह ६२." पुढचं दीड मिनिट तालुका आणि २४० शेतं. एकच नकाशा, त्यावर ठिपके. तू स्कूटीवर फिरलीस हे त्या ठिपक्यांतून दिसतं, वेगळं सांगायला नको. मग अडीच मिनिटं पद्धत, एकाच आकृतीवर. रँडम फॉरेस्ट कसं चालतं हे अजिबात सांगू नकोस, त्यांना येतं. पुढची पाच मिनिटं निकाल. त्यानंतर तीन मिनिटं ९३ विरुद्ध ८१. एक मिनिट यातून काय म्हणता येतं आणि काय नाही. झाली चौदा. पंधरावं मिनिट रिकामं सोड, ते कुणीतरी खाणारच.

९३-८१ ला तीन मिनिटं ऐकून चमकू नकोस. तिथे दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेव. एकात शेताचे पिक्सेल दोन रंगांत विखुरलेले, दुसऱ्यात अख्खं शेत एका रंगात. खाली दोन आकडे. आणि म्हणायचं, "पहिल्या पद्धतीने ९३ येतात. ते या कामाचं उत्तर नाही, कारण दोन्हीकडे तेच शेत आहे. म्हणून मी ८१ धरते." एवढं झालं की वहीतला प्रश्न खर्ची पडतो. त्या सरांना नवा शोधावा लागेल, आणि नवा सुचायला वेळ लागतो.

अडवलंच, तर कुठली स्लाइड उडवायची हे आधी ठरलेलं असावं. नोट्समध्ये दोन स्लाइडवर फुली मार. दोन मिनिटं गेली की पहिली फुली उडते, चार गेली की दुसरी. निकालांच्या पाच मिनिटांना हात लावायचा नाही. आणि उत्तर लांबायला लागलं की म्हणायचं, "सर, यावर एक स्लाइड मागे आहे, शेवटी दाखवू का?" बहुतेक जण हो म्हणतात. सगळे नाही.

---

निळी शाई

"मागे स्लाइड आहे" हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! पण ऐनवेळी मागची स्लाइड सापडायची कशी? मी तर बाण दाबत बसले असते आणि सगळ्यांसमोर तीस स्लाइड फडफडल्या असत्या.

---

घाटावरचा

हे माझ्या खात्यातलं. पॉवरपॉइंट चालू असताना स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर दाबायचं, थेट तिथे जातो. २३ आणि एंटर. त्यामुळे राखीव स्लाइडांची यादी आकड्यांसकट एका कागदावर लिहून समोर ठेव. परत यायलाही तसंच, म्हणून कुठून निघालीस तो आकडा लक्षात ठेव. आणि प्रश्नाचं उत्तर देताना स्लाइडकडे लक्ष नको असेल तर बी दाब, पडदा काळा होतो, परत दाबलं की येतो. अर्थात तिथल्या संगणकावर पॉवरपॉइंटच असेल तर. पीडीएफवर चालवणार असतील तर आधी जाऊन बघून ये.

---

बांधावरून

मी उपग्रहवाला नाही, लातूरकडचाच आहे, घरची शेती. एक विचारू का? आमच्याकडे निव्वळ सोयाबीन कमीच. सोयाबीनच्या ओळी आणि मध्ये तुरीच्या ओळी, असं आंतरपीक असतं. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, तूर पुढे जानेवारीपर्यंत उभी. अशा शेताला ताईंनी काय नाव दिलं? सोयाबीन की तूर?

---

सोयाबीनवाली

दादा, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. जास्त ओळी ज्याच्या, त्याचं नाव दिलं. म्हणजे बहुतेक ठिकाणी सोयाबीन. अशी किती शेतं होती याची नोंद माझ्या वहीत आहे, पण थिसिसमध्ये एका ओळीत उरकलंय. १० मीटरच्या पिक्सेलमध्ये दोन्ही पिकं येतात, वेगळी करता येत नाहीत.

---

अर्धा टक्का

कुठली शेतं चुकली ते बघ. आंतरपिकाची शेतं चुकलेल्यांत जास्त असतील तर ती तुझ्या निकालांमधली सगळ्यात बोलकी स्लाइड आहे. "मॉडेल १९ टक्के चुकतं" यापेक्षा "मॉडेल कुठे चुकतं" हे ऐकायला कमिटी जागी राहते.

---

सोयाबीनवाली

दोन रात्री घातल्या. कळवते.

पाच भागांच्या मोजणीत २४० पैकी नुसत्या सेंटिनेल-२ ने १९४ बरोबर, रडारसह २०५. रडारने २१ शेतं सुधारली आणि १० बिघडवली. सुधारलेली बरीचशी मूग-उडदाची आहेत. त्याचं कारण कळलं: मूग-उडीद सोयाबीनच्या आधी काढतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. नेमकं तेव्हाच माझ्याकडे ढगाविना चित्रं जवळजवळ नाहीत, त्यामुळे रान रिकामं झालेलं सेंटिनेल-२ ला दिसतच नाही. रडार ढगातून बघतं, त्याला दिसतं. तुरीच्या बाबतीत रडारचा उपयोग नाही, कारण नोव्हेंबरात आभाळ मोकळं असतं आणि सोयाबीन निघालेल्या रानाशेजारी तूर हिरवीगार उभी दिसते.

आणि बांधावरून दादा, चुकलेल्या ४६ पैकी १७ आंतरपिकाची निघाली. एकूण आंतरपिकाची ३८ च आहेत.

---

अर्धा टक्का

२१ विरुद्ध १०. नाणेफेकीनेही इतका फरक पडण्याची शक्यता साधारण ७ टक्के. म्हणजे काठावर. "सिद्ध झालं" म्हणू नकोस, "फरक नाही" असंही म्हणू नकोस. पण मूग-उडदाचं कारण तुझ्याकडे आहे ना, ते आकड्यापेक्षा भारी आहे. रडारने सुधारायला हवं तिथेच सुधारलंय, आणि जिथे सुधारायचं कारण नव्हतं तिथे सुधारलं नाही.

---

जुना खडू

मग पाच मिनिटांची वाटणी आपोआप झाली की. पहिली स्लाइड ६०, ८१, ८६ हे तीन आकडे शेजारी. ८६ म्हणजे थिसिसमधले ७२ पैकी ६२. दुसरी, मूग-उडीद, त्यात चित्रांच्या तारखांची पट्टी आणि ढगांच्या फुल्या. तिसरी, आंतरपिकाची शेतं. तीन स्लाइड, पाच मिनिटं. स्लाइडच्या माथ्यावर "निकाल" असं लिहू नकोस, पूर्ण वाक्य लिही: "मूग-उडदाची काढणी ढगाआड होते, म्हणून तिथे रडार लागतं." परीक्षकाचं लक्ष उडालं असेल तरी वर बघितल्यावर कळलं पाहिजे की आपण कुठे आहोत.

पण या निकालांतलं नवीन किती आणि थिसिसमधलं किती, ते गाइडसोबत बसून आजच ठरव.

---

सोयाबीनवाली

गाइड आधी वैतागले. मग कारण ऐकल्यावर म्हणाले, आंतरपिकाचं आणि मूग-उडदाचं मुख्य स्लाइडवर घे, कारण शेतं थिसिसमधलीच आहेत. पण त्या स्लाइडवर ७२ शेतांमधलेच आकडे, २४० ची मोजणी राखीवमध्ये. ९३ बद्दल मात्र ते अजून कुरकुरतायत. तीन मिनिटं नको, एकच दे, म्हणतात. दोनवर तडजोड झाली.

आता मुख्य १२ स्लाइड, राखीव २२. काल घरी भावाला समोर बसवून बोलले, १७ मिनिटं झाली. पद्धतीवरच चार गेली.

---

घाटावरचा

भाऊ नको, भिंत घे आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. भाऊ मान डोलावतो आणि आपण वाहवत जातो. आणि पहिलं मिनिट पाठ कर, शब्दन् शब्द. बाकी पाठ करू नकोस.

---

सोयाबीनवाली

झाला! काल झाला. पास, किरकोळ दुरुस्त्यांसह. सविस्तर सांगते, कारण अंदाज निम्मे बरोबर आले आणि निम्मे चुकले.

चौथ्या मिनिटाला अडवलं, अगदी खडू सरांनी सांगितलं तसं. प्रश्न नकाशाच्या स्लाइडवर होता: ई-पीक पाहणीची नोंद असताना स्कूटीवर फिरायची गरज काय? दीड मिनिट गेलं. पद्धतीची एक फुली उडवली. ९३-८१ च्या स्लाइडला आले तेव्हा त्या वहीवाल्या सरांनी वही उघडली, बघितलं आणि मिटली. एक शब्दही बोलले नाहीत. राखीव स्लाइडांपैकी २३ वीच उघडावी लागली, २४० शेतांची. एक्स्टर्नल मॅडमनी "हे थिसिसमध्ये नाही" असं म्हटलं, मी "नाही, माथ्यावर तसं लिहिलंय" म्हटलं, त्यावर त्या पुढे गेल्या. म्हणजे घाटावरचा, भीती खरी होती, पण वर लिहिलेलं उपयोगी पडलं.

आणि मग त्याच मॅडमनी जे विचारलं ते इथे कुणालाच सुचलं नव्हतं. "तुम्ही रेड-एजचे आणि शॉर्टवेव्हचे पट्टे वापरलेत. त्यांचे पिक्सेल २० मीटरचे असतात. तुम्ही ते १० मीटरवर आणलेत. मग चार पिक्सेलमध्ये एकच आकडा नाही का?" मी म्हटलं, शेत फोडलेलं नाही, अख्खं एका बाजूला आहे, त्यामुळे फरक पडू नये. त्या म्हणाल्या, "कडेची एक ओळ काढलीत ती १० मीटरची. २० मीटरचा पिक्सेल तरीही बांध ओलांडतो. शेजारचं शेत दुसऱ्या बाजूला असेल तर?" मला उत्तर आलं नाही. "मी हे तपासलेलं नाही" एवढं म्हटलं.

---

अर्धा टक्का

अरे वा, मॅडम भारी आहेत. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पण फार फरक पडणार नाही असं वाटतं. शेजारी-शेजारी शेतं किती असतील तुझ्याकडे? फिरताना एकेक गावात विखुरलेली घेतली असशील.

---

जुना खडू

मला इतकी खात्री नाही. रस्त्याकडेची शेतं घेतली असतील तर लागोपाठची येणारच, स्कूटी रस्त्यावरूनच जाते. "तपासलेलं नाही" हे उत्तर मात्र योग्य होतं. तिथे काहीतरी रचून सांगितलं असतं तर ८१ वरही संशय आला असता.

---

बांधावरून

अभिनंदन ताई. रस्त्याकडेच्या रानाचं सर म्हणतात ते बरोबर आहे, भाऊबंदांची रानं लागूनच असतात आणि एकाच दिवशी पेरलेली असतात. एकच पाभर असते.

---

सोयाबीनवाली

हे पाभरीचं मॅडमना सांगायला हवं होतं.

दुरुस्तीला १५ दिवस दिलेत, त्यात लागून असलेल्या शेतांवर एक परिच्छेद लिहायचाय. काल रात्रीपासून नकाशावर जोड्या मोजतेय. निम्मा तालुका झालाय, आत्तापर्यंत १९ निघाल्या.